दोन स्क्रीनशॉटच्या फटीत अडकलेले ११,४३० रुपये

जूनअखेर मावशीच्या वहीप्रमाणे खात्यात ३५,७२७ रुपये हवे होते. बँकेच्या ॲपवर दिसत होते २४,१८७ रुपये ३० पैसे. म्हणजे ११,५३९ रुपये ७० पैसे कमी, आणि तेही पेरणी नुकती आटोपून खुरपणीची मजुरी तोंडावर आलेली असताना.

मावशी सेलूची, परभणी जिल्ह्यातली. घरचा आणि शेतीचा हिशेब तीच लिहिते. वही साधीच, पण लिहिण्याची पद्धत पक्की: डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि प्रत्येक खर्चापुढे एक शब्द: ‘फोन’, ‘कार्ड’, ‘एटीएम’ किंवा ‘रोख’. मी परभणीत हिशेब लिहायची कामं करतो, त्यामुळे तिने वहीच्या पानाचा फोटो आणि ॲपचे दोन स्क्रीनशॉट मला पाठवले. सोबत निरोप: “लेकरा, एवढे पैसे गेले कुठं ते बघ. मी दोनदा खुणा करून पाहिल्या, सगळं बरोबर येतंय.” पुण्यातल्या मावसभावाचा निकाल तोवर लागलाही होता. खातं हॅक झालं, कार्ड बंद करा, सायबरला तक्रार द्या.

मला त्या निरोपातलं ‘सगळं बरोबर येतंय’ खटकलं. वहीतली प्रत्येक नोंद बँकेत सापडते आणि तरी बँकेत पैसे कमी आहेत, तर बँकेकडे वहीत नसलेलं काहीतरी असणारच. ते मावशीला दिसलं नाही, याचा एक अर्थ तिची नजर चुकली असा होतो. दुसरा अर्थ असा की ती ओळ तिच्यापुढच्या चित्रात आलेलीच नाही.

आधी मे महिन्याची अखेरची शिल्लक पाहिली. वहीत ४१,२६०, बँकेतही ४१,२६०. हे जुळलं नसतं तर जून उकरण्यात अर्थ नव्हता, आधी मे तपासावा लागला असता. जुळलं, म्हणजे जे काही घडलंय ते याच तीस दिवसांत.

मग फरकाच्या आकड्याकडे पाहिलं. बरेच जण इथे ११,५३९.७० हा आकडाच पासबुकात शोधू लागतात आणि सापडला नाही की बँकेला शिव्या घालतात. एवढ्या मोठ्या फरकामागे बहुधा एकच कारण नसतं. तीन-चार लहानमोठ्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी होऊन तो आकडा तयार झालेला असतो. इथे ७० पैसे बोलके होते. मावशीच्या वहीत त्या महिन्यात एकही नोंद पैशांत नव्हती, सगळे पूर्ण रुपये. तेव्हा हे पैसे बँकेनेच घातलेले. स्क्रीनशॉटमध्ये २८ जूनला १७ रुपये ७० पैसे कापलेले सापडले: एसएमएसचे पंधरा रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. ३० तारखेला २६८ रुपये जमा होते, ते तिमाहीचं व्याज. दोन्ही गोष्टी मावशीच्या वहीत नव्हत्या, आणि असणारही कशा? बँक विचारून कापत नाही आणि सांगून देत नाही.

आता संशयिताकडे. मावसभावाने एका ठिकाणी लाल गोल काढून पाठवला होता. १६ जूनला ३४९ रुपये, आणि लगेच खाली पुन्हा ३४९ रुपये. तारीख एक, रक्कम एक, नाव एक. “हे बघ, दोनदा कापलेत.” पण मावशीच्या वहीतही ३४९ दोनदा होते, एक तिच्या फोनचं रिचार्ज, एक काकांच्या. दोन्ही फोनवर पॅक सुरू झालेला होता. सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी म्हणजे दुहेरी वजावट असं धरून चाललं की माणूस हमखास भलत्याच ठिकाणी खणतो. शेतकऱ्यांच्या खात्यात तर एकाच महिन्यात दोन हजार दोनदा जमा झालेले दिसू शकतात, एक पीएम किसानचे आणि एक नमो शेतकरीचे. ते काही बँकेने चुकून दिलेले नसतात. दोन ओळी दोन वेगळ्या गोष्टींच्या आहेत की एकाच गोष्टीच्या, हे रकमेवरून ठरत नाही. माल किंवा सेवा किती वेळा मिळाली, यावरून ठरतं.

स्क्रीनशॉट वाचायची एक रीत आहे आणि या प्रकरणात सगळं काम तिनेच केलं. बँकेच्या प्रत्येक ओळीत रकमेशेजारी त्या व्यवहारानंतरची शिल्लक असते. आपण रक्कम पाहतो, शिल्लक सोडून देतो. पण ती शिल्लक साखळीसारखी असते. आधीच्या ओळीच्या शिलकेतून ही रक्कम वजा केली, किंवा जमा असेल तर मिळवली, की या ओळीची शिल्लक यायलाच हवी. कुठे नाही आली, तर मधली कडी गायब आहे. बँकेच्या छापील स्टेटमेंटला हे करायची सहसा गरज पडत नाही, कारण त्यात पानं सलग असतात. स्क्रीनशॉट हा बोटाने सरकवून काढलेला तुकडा असतो. बोट जरा जोरात फिरलं की एखादी ओळ वर निघून जाते आणि पुढच्या चित्रात येतच नाही. ॲपमध्ये नवं वर, जुनं खाली असतं, त्यामुळे खालून वर मोजायचं, हेही लक्षात ठेवावं लागतं.

मी दुसऱ्या स्क्रीनशॉटच्या तळापासून सुरुवात केली. ३ जूनला एटीएममधून ५,००० काढले, शिल्लक ३६,२६०. सहा तारखेला लाइट बिल १,१४०, शिल्लक ३५,१२०. दहा तारखेला आडतीचे २७,५०० जमा, शिल्लक ६२,६२०. चौदा तारखेला ११,४३० नावे, शिल्लक ५१,१९०. इथे ते चित्र संपलं. सगळं जुळत होतं. पहिल्या चित्राच्या तळाशी १६ जूनचं पहिलं रिचार्ज होतं, ३४९ नावे, शिल्लक ३९,४११.

आता हिशेब करा. ३९,४११ मध्ये ३४९ मिळवले की रिचार्जच्या आधी खात्यात ३९,७६० होते. पण खालच्या चित्राची शेवटची शिल्लक ५१,१९०. मधले ११,४३० गेले कुठे? ज्या ठिकाणी एक चित्र संपतं आणि दुसरं सुरू होतं, नेमकं त्या फटीत एक ओळ पडली होती, आणि तिची रक्कम न बघताही आता माहीत होती. मावशीला फोन करून त्या दोन तारखांच्या मध्ये हळू सरकवायला लावलं. “अगं बाई, हे बी अकरा हजार चारशे तीस!”

साखळीचा आणखी एक उपयोग सांगून पुढे जातो. व्हॉट्सॲपवरून आलेलं चित्र पुसट होतं, त्यातला २० जूनचा किराण्याचा आकडा ३,६२५ आहे की ३,२६५ हे धड कळत नव्हतं. वहीत ३,२६५ होतं, त्यामुळे डोळ्यालाही तेच दिसायला लागतं. आधीची शिल्लक ३९,०६२, नंतरची ३५,४३७. वजाबाकी केली, ३,६२५. दुकानाची पावतीही ३,६२५ चीच निघाली. मावशीने लिहिताना सहा आणि दोनची अदलाबदल केली होती, फरक ३६०. शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरकाला नेहमी नवाने भाग जातो. ३६० ला जातो, चाळीस वेळा. मात्र ही युक्ती एकट्या चुकीवर चालते. सगळा ११,५३९.७० घेऊन नवाने भागत बसलात तर काही हाती लागत नाही, कारण त्यात बाकीची भेसळ असते.

एवढं झाल्यावर बेरीज बसते का ते पाहिलं:

| वही आणि बँकेतल्या फरकाचं कारण | रुपये |
|---|---|
| १४ जूनची दुसरी वजावट | ११,४३०.०० |
| किराण्याचा उलटा आकडा | ३६०.०० |
| एसएमएसचे पैसे | १७.७० |
| वजा: वहीत न लिहिलेलं व्याज | २६८.०० |
| एकूण | ११,५३९.७० |

पैशासकट बसली. बसली नसती तर आणखी काहीतरी शिल्लक आहे असं समजून पुढे शोधावं लागलं असतं. मोठी रक्कम सापडली की लोक उरलेल्या शे-सव्वाशेकडे दुर्लक्ष करतात. पण इथे ते उरलेले १०९ रुपये ७० पैसे म्हणजे तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या, आणि त्यातली एक उलट दिशेची.

आता प्रश्न राहिला तो दुहेरी वजावटीचा. चौदा तारखेला दोघं सेलूतच कृषी सेवा केंद्रात गेले होते. सोयाबीनच्या बियाण्याच्या दोन पिशव्या ६,६०० च्या, डीएपीची तीन पोती १,३५० प्रमाणे ४,०५० ची, बीजप्रक्रियेचं औषध ७८० चं. बिल ११,४३०. काकांनी आधी कार्ड दिलं, पिन टाकला. मशीन बराच वेळ फिरत राहिलं, पावती आली नाही. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “काका, जात नाही, स्कॅनर मारा.” मग मावशीने फोनवरून पैसे दिले, डब्यातून ‘प्राप्त झाले’ असा आवाज आला, आणि दोघं पोती रिक्षात टाकून घरी आले.

मावशीच्या फोनवर त्या दुपारी ११,४३० चे दोन मेसेज आले होते. तिने ते पाहिलेही होते. पण फोनवरून पैसे दिले की एक मेसेज बँकेचा येतो आणि एक ॲपचा, हे रोजचंच. तिला वाटलं, तसंच असेल.

बँकेच्या दोन ओळी शेजारी ठेवल्या की गोष्ट स्वच्छ दिसते. एकीच्या तपशिलात `POS` होतं आणि पुढे दुकानाचं नाव नव्हे, तर कुणातरी मालकाचं नाव, कारण कार्डाचं मशीन त्याच नावावर घेतलेलं. दुसरीत `UPI/DR` आणि दुकानाचं नाव. दोन्हींचे बारा आकडी संदर्भ क्रमांकही वेगळे. हा क्रमांक पाहणं मोलाचं असतं. एकच क्रमांक दोन ओळींत आला तर एकच व्यवहार बँकेने दोनदा नोंदवलाय, आणि भांडण थेट बँकेशी. क्रमांक वेगळे असतील तर दोन खरे व्यवहार झालेत, आणि पैसे कुणाकडे पोहोचले ते शोधावं लागतं.

गंमत अशी की दुसऱ्या चित्रात जी ओळ दिसत होती, ती कार्डाची होती. मावशीच्या वहीत त्या खर्चापुढे ‘फोन’ लिहिलेलं. तिने रक्कम जुळली म्हणून खूण केली. पैसे कोणत्या मार्गाने गेले ते ताडून पाहिलं असतं तर ‘फोन’ आणि `POS` जुळत नाही हे तिथंच कळलं असतं. तिच्या वहीत तो शब्द असतो म्हणून निदान मागाहून कळलं. बहुतेकांच्या वहीत तो नसतोच.

कार्ड घासलं, पैसे गेले, पण दुकानात पावती निघाली नाही, अशा वेळी काय व्हायला हवं याचा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर ग्राहकाला दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणून मी १४ जूननंतरच्या जमा ओळी तपासल्या. महिनाअखेरपर्यंत ११,४३० कुठेही परत आलेले नव्हते. याचा एक अर्थ बँकेने नियम मोडला. पण दुसरा अर्थ जास्त संभवतो: बँकेच्या दृष्टीने व्यवहार फसलेलाच नाही. मशीनपर्यंत मंजुरी पोहोचली, फक्त कागद बाहेर आला नाही. मशीनचा कागदाचा रोल संपला तरी पैसे जायचे थांबत नाहीत. तसं असेल तर पैसे बँकेत लटकलेले नाहीत, दुकानदाराच्या खात्यात आहेत, आणि आपोआप परत यायची वाट बघण्यात काही हशील नाही.

म्हणून बँकेआधी दुकान गाठायचं ठरलं. मावसभावाचा फॉर्म भरून तयार होता, तो थांबवला. त्याने त्यात ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हा पर्याय निवडला होता. काकांनी स्वतः पिन टाकलेला असताना हे लिहिणं खोटं तर होतंच, पण त्याने कामही बिघडलं असतं. बँक अशा तक्रारीवर आधी कार्ड बंद करते, आणि मग ‘व्यवहार बरोबर पिन टाकून झालेला आहे’ म्हणून दावा फेटाळते. खरी तक्रार करायची वेळ आलीच असती तर लिहायचं होतं की याच बिलाचे पैसे दुसऱ्या मार्गाने दिलेले आहेत, आणि पुरावा म्हणून यूपीआयची ओळ जोडायची. शिवाय दुकानदार आणि बँक दोन्हीकडे एकदम मागणी लावली तर पैसे दोनदा परत येऊन नवाच घोळ होतो.

दुकानदाराने पहिल्यांदा हात झटकले. “ताई, आमच्याकडं एकदाच आलेत, हे बघा ना.” त्याने फोनवर स्कॅनरचं ॲप उघडून दाखवलं. त्यात एकदाच होते, त्याचं बरोबरच होतं. कार्डाचे पैसे तिथे दिसत नाहीत. ते पुढच्या कामाच्या दिवशी त्याच्या बँक खात्यात येतात, तेही त्या दिवशीच्या सगळ्या कार्डांचे मिळून, कमिशन कापून, एकाच रकमेत. ११,४३० असा आकडा त्याच्या खात्यात कधीच दिसला नसता.

मग मशीनमधून १४ तारखेची यादी काढायला लावली. कार्डाचे तीन व्यवहार, एकूण १८,३३०. त्यात ११,४३० स्पष्ट, संदर्भ क्रमांकासकट, आणि तो क्रमांक मावशीच्या ओळीतल्याशी जुळला. त्याच्या बिलबुकात मात्र त्या दिवशी कार्डाची बिलं दोनच होती. तो गप्प झाला. त्याच्याही हिशेबात दोन आठवडे एवढी रक्कम जास्तीची पडून होती आणि त्याने मेळ घातलेला नव्हता.

एक शंका त्याने काढलीच, आणि ती रास्त होती. काकांनी दुसऱ्यांदा माल नेला नसेल कशावरून? इथे दुकानातलं दुसरं मशीन कामाला आलं. अनुदानित खत विकताना आधार क्रमांकावर अंगठा घेतात, त्याचं पॉस मशीन वेगळं असतं, कार्डाच्या मशीनशी त्याचा संबंध नाही. त्यात काकांच्या नावावर त्या दिवशी डीएपीची तीनच पोती, एकदाच. अंगठा एकदा आणि पैसे दोनदा, एवढं दिसल्यावर वाद उरला नाही.

कार्डाचा व्यवहार मशीनवर रद्द करता येतो, पण त्या दिवसाचा हिशेब बंद होण्याआधीच. दोन आठवड्यांनी ते दार बंद झालेलं असतं. दुकानदार रोख द्यायला निघाला होता, मी नको म्हटलं. रोख घेतली असती तर बँकेत ती वजावट कायमची लोंबकळत राहिली असती आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला काही नसतं. त्याने ५ जुलैला खात्यावर ११,४३० पाठवले, शेऱ्यात बिलाचा क्रमांक टाकला, आणि बिलाच्या प्रतीवर ‘कार्डाचे पैसे परत’ असं लिहून सही केली. तो नाहीच म्हणाला असता तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर, असा रस्ता होता.

वहीत काय लिहायचं यावरून मावशीशी थोडी हुज्जत झाली. तिचं म्हणणं, पैसे परत आले, फिट्टंफाट झाली, मग लिहायचं कशाला? पण जूनअखेर ते पैसे खात्यात नव्हते, हे खरं आहे. म्हणून १४ जूनच्या तारखेला ‘दुकानाकडून येणे, कार्ड, ११,४३०’ अशी नावे नोंद घातली आणि ५ जुलैला त्याच नावाने जमा. किराण्याची चूक खोडली नाही. खाली ‘३६० कमी लिहिले होते’ म्हणून वेगळी ओळ. एसएमएस आणि व्याजाच्या दोन ओळी. जूनअखेरची शिल्लक वहीत २४,१८७ रुपये ३० पैसे आली. मावशीने पैशांकडे बोट दाखवलं, “हे तीस पैसे बी लिहायचे का आता?” लिहायला लावले.